'मधुमेह आहे, औषध चालू आहे' : हे पत्र विमानतळावर कामाचं नाही

परदेशी निघालेले पेशंट जाण्याच्या आदल्या दिवशी दवाखान्यात येतात आणि म्हणतात, "डॉक्टर, इन्सुलिन नेतोय, एअरपोर्टवर अडवतात म्हणे, एक पत्र देता का?" बाहेर गर्दी असते. डॉक्टर लेटरहेड ओढतात आणि दोन ओळी खरडतात: सदर व्यक्तीला मधुमेह असून तिच्यावर उपचार चालू आहेत. खाली सही, शिक्का. पेशंट खूश, डॉक्टर मोकळे.

हे पत्र फाडून टाका असं मी आज तुम्हाला सांगणार आहे. आमच्या व्यवसायातल्या काहींना ते आवडणार नाही. पण असं पत्र वर्षानुवर्षं मीही देत होतो, आणि त्याचा परिणाम काय होतो ते माझ्याच एका पेशंटने मला शिकवलं.

या काकू साठीच्या पुढच्या. अमेरिकेत मुलाकडे दहा आठवड्यांसाठी निघाल्या होत्या. सकाळी २० युनिट आणि संध्याकाळी १४ युनिट असं मिश्र इन्सुलिन त्या बरीच वर्षं स्वतःच्या हाताने घेत होत्या. बाटली आपल्याकडे सर्रास मिळते ती, ४० युनिट प्रति मिलीची. सोबत लाल टोपणाच्या सिरिंज. माझं दोन ओळींचं पत्र त्यांच्या पर्समध्ये होतं.

सुरक्षा तपासणीत बॅग उघडली गेली. बाटल्यांना कोणी हरकत घेतली नाही. शे-दीडशे सिरिंजचा गठ्ठा पाहून मात्र तपासणाऱ्याने विचारलं, हे कशाला? काकूंनी पत्र पुढे केलं. त्यात मधुमेह होता, उपचार होते, सिरिंजचा शब्द नव्हता. सुईचा नव्हता. इन्सुलिनचाही नव्हता! मागे रांग, विमानाची वेळ होत आलेली. "औषध घेऊन जा, सुया इथे ठेवा, तिकडे मिळतील," असं सांगण्यात आलं. काकूंनाही ते पटलं. सिरिंज काय, कुठेही मिळते.

तिथे मिळाली. मुलाने पोहोचल्याच दिवशी औषधाच्या दुकानातून सिरिंजचं पाकीट आणलं. काकू नेहमीप्रमाणे २० च्या खुणेपर्यंत औषध ओढायच्या आणि टोचून घ्यायच्या. आठवडाभरात साखर तीनशेच्या वर राहू लागली. सारखी लघवी, घशाला कोरड, थकवा. घरच्यांना वाटलं प्रवासाचा शीण असेल, तिकडचा ब्रेड असेल, नातवाबरोबर आइस्क्रीम झालं असेल. शेवटी मुलाचा फोन आला. "डॉक्टर, पत्र होतं की तुमचं!" हे त्याने बोलता बोलता सांगितलं आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी सिरिंजचा फोटो मागवला. टोपण केशरी होतं.

आता हा टोपणाचा रंग नीट समजून घ्या, कारण सगळी गोम त्यातच आहे.

भारतात बाटलीतलं इन्सुलिन मुख्यतः यू-४० असतं. म्हणजे एका मिलीत ४० युनिट. त्यासाठीच्या सिरिंजवरच्या खुणाही त्याच हिशेबाने आखलेल्या असतात आणि तिचं टोपण लाल असतं. अमेरिकेत माणसांसाठीचं नेहमीचं इन्सुलिन यू-१०० असतं, म्हणजे एका मिलीत १०० युनिट. तिथल्या सिरिंजवरच्या खुणा त्या हिशेबाने असतात आणि टोपण केशरी. दोन्ही सिरिंज दिसायला सारख्याच. दोन्हींवर २० ही खूण आहे. पण लाल सिरिंजमध्ये २० ची खूण अर्ध्या मिलीवर येते आणि केशरीमध्ये एका मिलीच्या पाचव्या भागावर. काकू केशरी सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत यू-४० औषध ओढत होत्या, तेव्हा आत शिरत होतं ०.२ मिली, म्हणजे ८ युनिट. संध्याकाळचे १४ झाले होते साडेपाचच्या आसपास. दिवसाचे ३४ युनिट घेतोय असं त्यांना वाटत होतं आणि अंगात जात होते १४ सुद्धा नाहीत. आइस्क्रीमचा काही दोष नव्हता.

उलटं झालं असतं तर जास्त वाईट. यू-१०० ची बाटली आणि आपली लाल सिरिंज अशी जोडी जमली, तर २० च्या खुणेवर ५० युनिट जातात. रात्री जेवणाआधी ते टोचून कोणी झोपलं, तर सकाळी जाग येईलच असं नाही. म्हणून तिकडून येताना नातेवाईक प्रेमाने इन्सुलिनच्या बाटल्या पाठवतात, तेव्हा त्या घरातल्या जुन्या सिरिंजने कधीही घेऊ नका. (गंमत म्हणजे लाल टोपणाची सिरिंज अमेरिकेत मिळते, पण ती कुत्र्या-मांजरांच्या इन्सुलिनसाठी. तिकडे यू-४० आता प्राण्यांनाच देतात.)

काकूंना मी तिथल्या डॉक्टरांकडे जायला सांगितलं. त्यांनी तिथली यू-१०० बाटली आणि तिथलीच सिरिंज अशी जोडी लावून दिली आणि आठवड्याभरात साखर रुळावर आली. खर्च मुलाला चांगलाच जाणवला. फोनवर मी "५० च्या खुणेपर्यंत ओढा" असं सांगून मोकळा होऊ शकलो असतो, हिशेब तोच येतो. पण साठीच्या बाईने, वर्षानुवर्षं २० च्या खुणेची सवय असताना, रोज दोनदा मनात गुणाकार करून इन्सुलिन घ्यावं हे मला मान्य नाही. तुम्हीही असला हिशेब स्वतःच्या मनाने करू नका.

सिरिंज काढून घेणाऱ्या त्या माणसाला मी दोष देत नाही. त्याच्यापुढे दर काही सेकंदांना एक बॅग येते. सुई हे टोकदार हत्यारही असू शकतं, हे पाहणं त्याचं कामच आहे. वैद्यकीय गरज असेल तर इन्सुलिन आणि सुया हातातल्या बॅगेत नेता येतात, पण ती गरज प्रवाशाने दाखवायची असते, आणि दाखवायचा कागद मी लिहिला होता. अमेरिकेच्या सुरक्षा तपासणीचा नियम तर स्पष्टच आहे: न वापरलेल्या सिरिंज चालतात, पण टोचून घ्यायचं औषध सोबत असलं पाहिजे आणि तपासणीच्या वेळी तुम्ही आपणहून सांगितलं पाहिजे. तिथे डॉक्टरच्या पत्राची सक्तीही नाही. मग आपल्याला पत्र का लागतं?

कारण आपल्याकडच्या बाटलीवर तुमचं नाव नसतं. अमेरिकेतल्या औषधाच्या दुकानात दिलेल्या प्रत्येक डबीवर पेशंटचं नाव, डॉक्टरचं नाव, औषध आणि डोस छापलेली चिठ्ठी चिकटवलेली असते. तिकडचा अधिकारी तीच पाहतो. आपला दुकानदार खोक्यातली बाटली काढतो, खाकी पिशवीत घालतो आणि बिल देतो. त्या बिलावर नाव असलंच तर कधी "पाटील काकू" असं असतं. म्हणजे तुमच्या बॅगेतल्या सात बाटल्या आणि दीडशे सुया तुमच्याच आहेत, याचा पुरावा बॅगेत कुठेच नसतो. तो पुरावा म्हणजे पत्र. 'मधुमेह आहे' या वाक्यातून तो मिळत नाही. मधुमेह रांगेतल्या कितीतरी लोकांना असेल. या वस्तू या माणसाच्या आहेत, एवढ्याच आहेत आणि एवढ्या का आहेत, हे पत्राने सांगायचं असतं.

शिवाय ते दोन वेगवेगळ्या माणसांना सांगायचं असतं, हे आम्ही डॉक्टर विसरतो. विमानात चढण्याआधीच्या सुरक्षा तपासणीला एकच चिंता असते: यातून विमानाला धोका आहे का? तिला सुई आणि द्रव या दोन गोष्टींचं उत्तर हवं असतं. उतरल्यावरच्या कस्टम अधिकाऱ्याला सुईशी फारसं देणंघेणं नसतं. तो पाहतो की हे विकायला तर आणलं नाही ना, यात नशेचं काही नाही ना. त्याला औषधाचं मूळ नाव आणि प्रमाण हवं असतं. आपल्याकडचं कंपनीचं ब्रँड नाव त्याने कधी ऐकलेलंही नसेल. आणि आम्ही पत्रात लिहितो ती 'टी टू डी एम' वगैरे आद्याक्षरं आमच्या कंपाउंडरला कळतात, त्याला नाही.

प्रमाण कसं काढायचं ते काकूंच्या उदाहरणावर पाहू. दिवसाला ३४ युनिट, मुक्काम ७० दिवस: २३८० युनिट. एका १० मिलीच्या यू-४० बाटलीत ४०० युनिट असतात, म्हणजे सहा बाटल्या जेमतेम पुरतात. एखादी फुटेल, परतीचं विमान लांबेल, म्हणून एक जादा. सात बाटल्या. रोज दोन प्रमाणे सिरिंज १४०, आणि २० जादा, म्हणजे १६०. सात बाटल्यांचं औषध ८२ दिवसांना पुरतं. अमेरिकेत पाहुण्याने साधारण ९० दिवसांपुरतं स्वतःचं औषध आणणं ग्राह्य धरतात, त्यात हे बसतं. "असू दे, बहिणीच्या सासूलाही लागतं" म्हणून तुम्ही त्यात आणखी दहा बाटल्या टाकल्यात, तर बॅगेतला आकडा आणि कागदावरचा आकडा जुळत नाही. मग माझ्या पत्राचा उपयोग तर नाहीच, उलट तेच तुमच्याविरुद्ध बोलतं.

आता मी कसं पत्र देतो ते खाली लिहितो. तुम्हाला कळावं म्हणून मराठीत देतो आहे. प्रत्यक्षात ते इंग्रजीत, टाइप करून, लेटरहेडवर असावं. हाताने लिहायचंच असेल तर औषधाचं नाव मोठ्या सुट्या अक्षरांत.

"विमानतळ सुरक्षा आणि कस्टम अधिकाऱ्यांस. या पत्राच्या धारक (पासपोर्टवर आहे तसंच्या तसं पूर्ण नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक) माझ्या उपचाराखाली आहेत. त्यांना मधुमेह आहे आणि त्यांना रोज सकाळी व संध्याकाळी इन्सुलिनचं इंजेक्शन स्वतः घ्यावं लागतं. ते चुकल्यास त्यांच्या प्रकृतीला गंभीर धोका होऊ शकतो.

त्यांच्यासोबत पुढील वस्तू आहेत. मानवी इन्सुलिन, मिश्रण ३०/७०, ४० युनिट प्रति मिली, १० मिलीच्या ७ बाटल्या. या इन्सुलिनसाठीच्या, ४० युनिट प्रति मिली अशा खुणा असलेल्या, सुई जोडलेल्या सिरिंज १६०. रक्तातली साखर तपासण्याचं यंत्र, पट्ट्या आणि बोटाला टोचायच्या सुया. औषध थंड ठेवण्यासाठी दोन जेल पॅक. साखर उतरल्यास घेण्यासाठी ग्लुकोज.

हे इन्सुलिन गोठल्यास निकामी होतं, म्हणून ते सामानाच्या कप्प्यात न ठेवता प्रवाशाजवळ असणं आवश्यक आहे. सिरिंज कृपया इन्सुलिनपासून वेगळ्या करू नयेत. या ताकदीच्या इन्सुलिनसाठीची सिरिंज अनेक देशांत मिळत नाही आणि दुसऱ्या सिरिंजने घेतल्यास डोस अडीच पटीने चुकतो.

हा साठा ७० दिवसांच्या मुक्कामासाठी आणि थोडा राखीव असा, फक्त त्यांच्या स्वतःच्या वापराचा आहे. यात कोणतंही अमली द्रव्य नाही. शंका असल्यास खालील क्रमांकावर माझ्याशी संपर्क साधावा."

खाली तारीख, सही, डॉक्टरचं पूर्ण नाव, पदवी, वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक आणि खरोखर उचलला जाणारा फोन. एवढंच. लिहायला मला दहा मिनिटं लागतात, आणि ती मिळावीत म्हणून निघण्याच्या दोन आठवडे आधी या असं मी सांगतो.

यात सिरिंजबद्दलची दोन वाक्यं सगळ्यात महत्त्वाची आहेत. "पेशंट सिरिंज बाळगतो" एवढं लिहिलं तर वाचणारा म्हणतो, ठीक आहे, पण इथे ठेव आणि तिथे घे. का ठेवता येत नाही, हे एका ओळीत कळलं तर त्यालाही निर्णय घेणं सोपं जातं. तरीही शेवटचा शब्द त्याचाच असतो, पत्र म्हणजे हुकूम नव्हे. अडलंच तर तिथल्या वरिष्ठ अधिकाऱ्याला भेटण्याची विनंती करा. घाईत "असू दे, ठेवा" म्हणू नका.

पत्राच्या कटकटीपेक्षा इन्सुलिन सुटकेसमध्ये टाकून चेक-इन करणारे बरेच असतात. तुम्ही असं करत असाल तर ते आजच थांबवा. सुटकेस तुमच्याबरोबर पोहोचेलच याची खात्री नसते, आणि सामानाच्या कप्प्यात किती थंडी पडेल हे तुमच्या हातात नसतं. गोठून वितळलेलं इन्सुलिन कधी गुठळ्या दाखवतं, कधी बाटलीच्या आतल्या काचेवर पांढरा थर धरतं, आणि कधी अगदी नेहमीसारखं दिसतं. त्यामुळे डोळ्यांनी पाहून ते चांगलं आहे असं म्हणता येत नाही. याच कारणासाठी बाटली जेल पॅकला थेट टेकवू नका, मध्ये टॉवेलची घडी ठेवा. सुरक्षा तपासणीच्या एक्स-रेने मात्र इन्सुलिन बिघडत नाही, ती भीती सोडा. इन्सुलिन पंप किंवा दंडावरचा सेन्सर असेल तर गोष्ट वेगळी. काही कंपन्या ते यंत्रातून नेऊ नका असं सांगतात. तुमच्या यंत्राचं माहितीपत्रक पाहा आणि हाताने तपासण्याची विनंती करा, अशी ओळ पत्रात घालून घ्या.

दुसरी चूक पेनवाल्यांची. "आमचं पेन आहे, आम्हाला पत्र नको." पेनचं काडतूस यू-१०० असतं आणि पेनवर युनिट आकड्यात फिरवायचे असतात, त्यामुळे वरचा सिरिंजचा घोळ होत नाही हे खरं. परवडत असेल तर लांबच्या प्रवासाआधी बाटलीवरून पेनवर जायचा विचार डॉक्टरांशी जरूर बोला, पण महिनाभर आधी, म्हणजे इथे असतानाच हात बसेल. तरी पेनलाही सुया लागतात, आणि त्या मोजून पत्रात लिहाव्याच लागतात.

आणि एक गोष्ट, जी इन्सुलिनच्या पत्रात बसत नाही पण इन्सुलिनच्याच पिशवीत असते. पायांची आग होते म्हणून बऱ्याच मधुमेहींना प्रीगॅबालिन ही गोळी चालू असते. आपल्याला ती साधी नसांची गोळी वाटते. संयुक्त अरब अमिरातीत ती नियंत्रित औषधांत मोडते आणि नेण्याआधी तिथल्या आरोग्य खात्याची परवानगी घ्यावी लागते. ब्रिटनमध्येही २०१९ पासून ती नियंत्रित आहे. माझ्या पत्रात "यात अमली द्रव्य नाही" असं वाक्य आहे, ते इन्सुलिनच्या साठ्याबद्दल आहे. त्याच पिशवीत तुम्ही न सांगता या गोळ्या टाकल्यात तर दुबईला उतरल्यावर ते वाक्य तुम्हाला वाचवणार नाही. म्हणून पत्र मागायला याल तेव्हा फक्त इन्सुलिनचं नाव सांगू नका. सगळ्या गोळ्यांची पिशवी घेऊन या.

ग्लुकोजची पावडर कंपनीच्या मूळ पुड्यातच न्या. घरच्या पातळ पिशवीत बांधलेली पांढरी पूड आणि शेजारी दीडशे सुया, हे दृश्य पाहून अधिकारी काय विचार करेल हे मी लिहायला नको.

पत्राच्या दोन प्रती घ्या. एक औषधाच्या पिशवीत सगळ्यात वर, दुसरी पासपोर्टसोबत. बॅग यंत्रावर ठेवण्याआधीच "यात माझं इन्सुलिन आणि सुया आहेत" असं म्हणा आणि पत्र हातात द्या. मध्ये विमान बदलणार असाल तर तिथे पुन्हा तपासणी होते, तिथेही हेच करा. वापरलेल्या सुया झाकणाच्या जाड प्लास्टिकच्या डब्यात टाका, विमानातल्या सीटच्या खिशात नको.

काकू दोन वर्षांनी पुन्हा निघाल्या तेव्हा सिरिंजचे पुडे घेऊनच दवाखान्यात आल्या. मी टेबलावर मोजले. १६० लिहायला सांगत होत्या, निघाले १५०. पत्रात १५० लिहिले.